शाळेच्या कँटीन समितीला पत्र: डब्यात मोडाची कडधान्यं आणि हंगामी फळं (मसुदा वाचून सांगा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे, नाशिकमधल्या एका खासगी शाळेत. या शाळेत घरून डबा न्यायचा नाही. साडेदहाच्या सुट्टीत कँटीनचाच डबा मिळतो आणि त्याचे पैसे फीबरोबरच कापले जातात. बेत असा असतो: सोमवारी वडापाव, मंगळवारी नूडल्स, बुधवारी क्रीमची बिस्किटं आणि वेफर्स, गुरुवारी पोहे, शुक्रवारी जॅम-ब्रेड. पोहे सोडले तर पोरीच्या पोटात काय जातं ते तुम्हीच सांगा. महिनाअखेरीला कँटीन समितीची बैठक आहे, त्यात पालकांची पत्रं घेतात म्हणे. मी असं लिहिलंय:

"मा. अध्यक्ष, उपाहारगृह समिती यांस,
स. न. वि. वि.
प्राथमिक विभागाच्या डब्यात सध्या मैदा, साखर आणि तळणाचे पदार्थ जास्त आहेत. मुलांना रोज वाटीभर मोड आलेली कच्ची कडधान्यं आणि कापलेली हंगामी फळं द्यावीत, ही विनंती. कडधान्यं स्वस्त आहेत, आपल्या मातीतली आहेत आणि मुलांना आवडतीलही. आपण या विनंतीचा सहानुभूतीने विचार कराल अशी आशा आहे.
आपली, तिसरी 'ब' मधील एका विद्यार्थिनीची आई"

काही कमीजास्त असेल तर सांगा. पत्र एक पानाच्या वर जायला नको.

फिटनेसवेडा

छान लिहिलंय. एक वाक्य नक्की घाला: मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात. आमच्या जिममध्ये सगळे रोज सकाळी वाटीभर कच्चे मूग खातात. शिजवलं की सगळं सत्त्व जातं, त्यामुळे 'कच्ची' हा शब्द मुळीच काढू नका.

चिंगीचीआई

ताई, माझी चिंगी अडीच वर्षांची आहे. तिला मोडाचे मूग कधीपासून द्यावेत? वाफवून मिक्सरमधून काढले तर चालतील का? ती फळंही थुंकून टाकते.

गोदाकाठ

चिंगीच्या आई, हा धागा शाळेच्या डब्याबद्दल आहे हो. बाळांच्या आहाराचा वेगळा धागा आहे, तिथे विचारा, पटकन उत्तर मिळेल.

पंगतवाला

माझा धंदाच हा आहे, दोन शाळांना आणि एका वसतिगृहाला नाश्ता पुरवतो. पत्र वाचून कँटीनवाला मनात काय म्हणेल ते सांगतो, म्हणजे त्याचं उत्तर पत्रातच देता येईल.

त्याला पहिल्यांदा दिसेल तो 'रोज' हा शब्द. मोडाला आदल्या दिवसापासून माणूस लागतो आणि रविवारी कँटीन बंद असतं. शनिवारी भिजवून ठेवलेलं सोमवारी उघडलं तर फडकं चिकट झालेलं असतं आणि आंबूस वास मारतो. त्यामुळे सोमवार बाद. नाशिकच्या थंडीत मंगळवारही बाद, कारण डिसेंबर-जानेवारीत एका रात्रीत मटकीला मोड येत नाहीत, चांगले दोन दिवस जातात. म्हणून बुधवार आणि शुक्रवार मागा. थंडीत सोमवारी सकाळी कोमट पाण्यात भिजवायचं, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचं, मंगळवारी एकदा धुऊन परत बांधायचं, बुधवारी सकाळी तयार. उकाड्यात तेच काम मंगळवारी सकाळी सुरू करायचं. आठ तास भिजणं आणि सोळा तास बांधून ठेवणं पुरतं, त्याहून जास्त ठेवलं की मोड लांबतात, ढवळताना तुटतात आणि उसळ गिचका होते. मटकीचा मोड नखाएवढा दिसला की थांबायचं.

दुसरा प्रश्न तो विचारेल, किती लागेल? तुमच्या प्राथमिक विभागात मुलं किती?

गोदाकाठ

पहिली ते चौथी मिळून २४० मुलं.

पंगतवाला

मग कोरडी मटकी डोई २० ग्रॅम धरा. २४० मुलांना पावणेपाच किलोच्या वर जाते, पाच किलो घ्यायची. भिजून मोड आले की ती दुपटीच्या थोडी वर होते, म्हणजे अकरा-बारा किलो. एका मुलाच्या वाट्याला पन्नास ग्रॅमच्या आसपास, लहान वाटी भरते. आमच्या बाजारात मटकी किलोला शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान मिळते, तेव्हा नुसत्या कडधान्याचा खर्च डोई अडीच रुपये. वड्याचं तेल आणि पाव धरला तर हे महाग मुळीच नाही. खर्च वाढतो तो माणसाचा. हे पत्रात स्वतःहून कबूल करा, कंत्राटदार तिथेच शांत होतो.

अजून एक. मटकी विकत घेताना मूठभर भिजवून बघायला सांगा. जुन्या मालात गणंग फार निघतात. पाच किलोत मूठ-दोन मुठी गणंग असले तरी एखाद्या पोराच्या दाताखाली खडा येतो आणि दुसऱ्या दिवशी आयांचे फोन सुरू. आणि बियाणाच्या दुकानातलं कडधान्य कधीही घ्यायचं नाही, ते औषध लावलेलं असतं.

झेडपीमास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पंगतवाले म्हणतात ते २० ग्रॅम योगायोगाने आमच्याच प्रमाणात बसतं. पोषण आहारात पाचवीपर्यंत १०० ग्रॅम धान्याबरोबर २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि सहावी ते आठवी १५० ग्रॅमला ३० ग्रॅम, असं ठरलेलं आहे. २०२४ च्या जूनमध्ये राज्याने बेत बदलला, त्यात मोडाची कडधान्यंही आली. तुमची शाळा खासगी, तिला हे लागू नाही. पण "सरकारी शाळांतल्या मुलांना मिळतं, मग आमच्या फी भरणाऱ्या मुलांना वेफर्स का" एवढं एक वाक्य बैठकीत पुरतं. पत्रात लिहू नका, तोंडी बोला.

खरी अडचण आमच्याकडे कोणती, तर स्वयंपाकाच्या ताई सकाळी येतात आणि मोड आणायचे ते त्यांच्या घरी. उन्हाळ्याच्या तोंडाला एकीने प्लॅस्टिकच्या बादलीत झाकण लावून ठेवलं होतं. सकाळी वर फेस आणि वास असा की सगळं गुरांना घालावं लागलं. तेव्हापासून सुती फडकं, भोकाची टोपली आणि खाली ताट, असा नियम केला. हवा खेळली पाहिजे आणि पाणी साचता कामा नये.

फिटनेसवेडा

बरं, पण 'कच्ची' का काढायची ते अजून कुणी सांगितलं नाही. आणि प्रथिनांचा मुद्दा तर सिद्ध झालेला आहे.

सूक्ष्मदर्शी

मी अन्नसुरक्षेच्या प्रयोगशाळेत काम करते, मी सांगते.

प्रथिनं दुप्पट होत नाहीत. मटकी पाणी पिते आणि वजन दुप्पट होतं, म्हणून ग्रॅमला ग्रॅम मोजलं तर मोडात प्रथिनं उलट कमी भरतात. वीस ग्रॅम मटकीत साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होती, मोड आल्यावरही साधारण तेवढीच राहतात. फायदा दुसरीकडे आहे. कडधान्यातलं फायटेट लोह धरून ठेवतं, ते भिजवण्याने आणि मोडांमुळे कमी होतं. पोटात वायू धरायला लावणाऱ्या साखराही कमी होतात, म्हणून भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं. 'क' जीवनसत्त्वही थोडं तयार होतं, जे कोरड्या दाण्यात जवळपास नसतं. तेव्हा तुमचं अर्धं बरोबर आहे, फक्त कारण चुकलंय.

आता कच्चं का नको ते. दमट, उबदार, दहा-वीस तास बांधलेलं फडकं मोडाला जसं मानवतं तसंच जंतूंनाही मानवतं. जंतू बऱ्याचदा दाण्याबरोबरच आलेले असतात, सालीच्या चिरांत बसलेले, म्हणून नुसतं धुऊन जात नाहीत. १९९६ साली जपानमधल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, संशय मुळ्याच्या कच्च्या कोंबांवर होता. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे साथ आली आणि पन्नासच्या वर माणसं दगावली. घरी चार वाट्या मूग आपण डोळ्यांसमोर करतो, शंका आली तर टाकून देतो. कँटीनमध्ये अकरा किलोत एक कोपरा बिघडला तरी तो ढवळून सगळ्यांच्या डब्यात जातो. म्हणून संस्थेच्या स्वयंपाकघरात मोड वाफवलेच पाहिजेत. वाफ धरल्यापासून दहा मिनिटं, थर पातळ ठेवून. दाणा दाताला लागेल एवढा कडक राहतो आणि मोड अख्खा राहतो.

फिटनेसवेडा

ठीक आहे, शाळेसाठी मान्य. मी माझे मूग कच्चेच खाणार.

सुमनआजी

आमच्या वेळी कसलं कँटीन आणि कसली समिती. मी भावाच्या डब्यात कुळथाची उसळ आणि भाकरी द्यायचे, पठ्ठ्या अख्खा डबा पुसून आणायचा. आता नातू आहे तो मोड बघून "यात अळ्या आहेत" म्हणतो. खरंच सांगते, त्याच्या वर्गात एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी टाकून दिलं. तेव्हा पहिल्या दिवशी मोडाची उसळ तशीच पुढे ठेवू नका. मूग वाटून धिरडी करा किंवा पोह्यांत मटकी घाला. पोहे तर तुमच्याकडे गुरुवारी आहेतच ना?

पंगतवाला

आजींनी लाखाची गोष्ट सांगितली. आम्ही सुरुवात मटकी-पोह्यांनीच करतो, वरून शेव. मग हळूहळू मटकी वाढते आणि पोहे कमी होतात, पोरांना कळतही नाही.

डब्यात भरताना मात्र एक पाळायचं. वाफवलेली मटकी गरम असताना डब्यात भरून झाकण लावलं की आत पाणी सुटतं, झाकणाखाली थेंब धरतात आणि साडेदहापर्यंत चिकट होते. परातीत पसरायची, पंख्याखाली वाफ जाऊ द्यायची, मगच भरायची. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी. कांदा-टोमॅटो घालूच नका, पाणी सुटतं आणि वर्गभर वास सुटतो. त्याऐवजी जिऱ्याची फोडणी आणि ओलं खोबरं. सव्वानऊला वाफवून काढलेलं साडेदहा-अकराच्या आत संपलंच पाहिजे, उरलं तर दुपारच्या पाळीला द्यायचं नाही. ही शेवटची अट पत्रात हवीच, कारण उरलेलं खपवणं हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

गोदाकाठ

बापरे, एका पत्रामागे एवढं आहे. फळांचं काय करू? मी 'कापलेली' लिहिलंय.

सूक्ष्मदर्शी

तो शब्द काढा. कापलेली पपई किंवा कलिंगड दोन तास डब्यात, तेही पावसाळ्यात, हा मोडांइतकाच धोका आहे. शिवाय २४० मुलांची फळं कापायला कोण बसणार आणि त्याचे हात-सुरी कोण बघणार? अख्खं फळ द्या, ज्याची साल मूल स्वतः काढेल किंवा जे धुऊन तसंच खाता येईल.

फळ मोडाच्याच दिवशी मागा. वाफवण्यात 'क' जीवनसत्त्व बरंच जातं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला तेच हवं असतं, तेही त्याच खाण्यात, संध्याकाळी नव्हे. पेरूत ते संत्र्याच्या काही पट असतं. मटकी आणि पेरू एका डब्यात, एवढं साधं गणित. पेरू नसेल त्या दिवशी निदान लिंबू पिळा.

मळेवाला

पिंपळगावकडचा आहे, फळांचं मला विचारा. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा केळीच धरा, दुसरं काही परवडणार नाही. ती जरा कच्चटच घ्या, दोन दिवस आधी. पिकलेल्या घडांचे क्रेट आले की खालचा थर काळा होतो. थंडीत, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पेरू, मध्ये संत्री आणि चिकू. फेब्रुवारी-मार्चला आपली द्राक्षं, त्या दिवसांत निर्यातीला न गेलेला माल स्वस्त मिळतो, खायला काही वाईट नसतो, फक्त मण्याचा आकार कमी. धुऊन द्यायची, फवारणी असते. आणि बालवाडीच्या पोरांना अख्खा मणी नको, उभा चिरून. सीताफळाच्या नादी लागू नका, वर्ग पुसायची वेळ येईल. जांभळाचं तर नावच नको, गणवेश बघून तुम्हीच पत्र मागे घ्याल.

पेरू मोठा असेल तर अर्धा वाया जातो. व्यापाऱ्याला 'किलोत आठ-दहा बसतील असा' म्हणून सांगा, भावही कमी लागतो.

झेडपीमास्तर

कायद्याचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून काढतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे शाळांसाठीचे नियम आहेत. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात विकायचे नाहीत, फाटकापासून ५० मीटरपर्यंतही नाही. आणि कँटीन चालवणाऱ्या शाळेने किंवा कंत्राटदाराने परवाना किंवा नोंदणी घेतलेली असायला हवी. पण पत्राच्या सुरुवातीलाच हे टाकलंत तर समिती वकिलाकडे जाईल आणि तुमची मटकी राहील बाजूला. शेवटी एका ओळीत, विचारल्यासारखं.

अर्हम

एक गोष्ट सुटतेय. आमच्यासारख्या बऱ्याच जैन घरांत मोडाची कडधान्यं खात नाहीत, अंकुरात अनंत जीव मानतात. नाशिकच्या शाळेत अशी मुलं नक्की असतील. डबा सक्तीचा आहे म्हणता, मग त्यांचं काय? भिजवलेले, मोड न आलेले हरभरे उकडून चालतील, पण तेही सगळ्यांना नाही.

गोदाकाठ

हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आमच्या वर्गातच तीन-चार मुली आहेत. पर्याय द्यायचा तर कँटीनवाला दोन पातेली करेल का?

पंगतवाला

वीस-पंचवीस डबे असतील तर करतो. पाच-सात असतील तर कुरकुरतो आणि त्यांना बिस्किटाचा पुडा देतो. आधी यादी मागा, मग बोला.

गोदाकाठ

पत्र नव्याने लिहिलंय. मधला भाग तेवढा टाकते, वरचं-खालचं तेच:

"प्राथमिक विभागाच्या २४० मुलांसाठी बुधवारी आणि शुक्रवारी सध्याच्या बेताऐवजी वाफवलेली मोडाची मटकी किंवा मूग आणि त्याच डब्यात एक अख्खं हंगामी फळ द्यावं, ही विनंती. पहिला महिना मटकी पोह्यांत घालून द्यावी. प्रत्येकी २० ग्रॅम कोरडं कडधान्य धरल्यास एका वेळेला पाच किलो लागतं आणि त्याचा खर्च डोई सुमारे अडीच रुपये येतो. मनुष्यबळाचा वाढीव खर्च वेगळा धरावा लागेल, याची आम्हा पालकांना जाणीव आहे. मोड उघड्या टोपलीत, सुती फडक्यात आणावेत, दहा मिनिटं वाफवून, पूर्ण निववून डब्यात भरावेत आणि उरलेलं त्याच दिवशी काढून टाकावं. फळ कापू नये. ज्या कुटुंबांत मोडाची कडधान्यं चालत नाहीत त्यांची यादी वर्गशिक्षिकांमार्फत घेऊन त्या मुलांसाठी काय द्यायचं हे समितीने पालकांशी बोलून ठरवावं. पहिल्या बुधवारी आम्ही दोघी पालक सकाळी साडेआठला स्वयंपाकघरात मदतीला येऊ शकतो. शाळेच्या उपाहारगृहाचा अन्नसुरक्षा परवाना दर्शनी भागात लावल्यास पालकांना समाधान वाटेल."

सूक्ष्मदर्शी

चांगलं झालंय. 'मदतीला' हा शब्द उत्तम, 'पाहणीला' लिहिलं असतं तर दार उघडलं नसतं. फोडणीत किंवा वरून शेंगदाणे घालायचे नाहीत हेही घाला, एखाद्या मुलाला चालत नसतील.

पंगतवाला

शेंगदाणे काढले तर पोरं खाणार नाहीत हो. आमच्याकडे तेच वेचून आधी संपतात.

सूक्ष्मदर्शी

मग ॲलर्जीची यादीही त्याच वेळी मागा. यादी न घेता शेंगदाणे नकोत.

फिटनेसवेडा

लिंबू पिळून पेरूला मीठ-तिखट लावलेलं चालेल का? मुलं नुसता पेरू खात नाहीत.

मळेवाला

पेरू अख्खा द्यायचा ठरलंय ना? तिखट-मीठ लावायला तो चिरणार कोण?

अर्हम

यादीचं मी माझ्या बाजूने विचारतो. चातुर्मासात काही घरांत अजून गोष्टी सुटतात, तेव्हा जुलै ते नोव्हेंबर वेगळी यादी लागेल असं वाटतं. बैठकीची तारीख कळली की इथे टाका.